जुलैतला ताप, वीस स्वॅब आणि खाटांचं गणित

जुलै लागला की कोल्हापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात बाकड्यावर जागा मिळत नाही. ताप, खोकला, अंगदुखी. "साथ आलीय" असं डॉक्टरही म्हणतात आणि रिक्षावालेही. पण कसली साथ? इन्फ्लुएंझा, आरएसव्ही, अ‍ॅडेनो, कोविड, साधी सर्दी करणारे डझनभर विषाणू, हे सगळे पावसाळ्यात एकाच बाकड्यावर बसलेले असतात आणि तोंडाकडे बघून त्यांना वेगळं करता येत नाही. खोकणाऱ्या शंभर जणांत फ्लूचे पाच असतील किंवा पस्तीस. रोजची ओपीडी चालवायला हा फरक फारसा लागत नाही. पण चार आठवड्यांनी अतिदक्षता विभागात किती जण येणार, हे ठरवायचं असेल तर सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं.

प्रत्येक तापकऱ्याची तपासणी करणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. सरकारी सूचनेप्रमाणे सौम्य फ्लूच्या रुग्णाची तपासणी करत नाहीत. घरी विश्रांती, पॅरासिटामॉल, आणि दम लागला तर परत या, एवढंच. मग साथीचा अंदाज लागतो कशावरून? तर थोड्या, ठरवून निवडलेल्या दवाखान्यांत, वर्षभर, एकाच नियमानं घेतलेल्या मोजक्या नमुन्यांवरून. याला सेंटिनल सर्वेक्षण म्हणतात.

नियम साधा आहे. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला, असा रुग्ण म्हणजे 'फ्लूसदृश आजार'. हेच सगळं असून दाखल करावं लागलं, तर तो 'तीव्र श्वसनसंसर्ग'. जागतिक आरोग्य संघटनेची ही व्याख्या जगभर वापरली जाते. दर आठवड्याला अशा रुग्णांमधून ठरावीक संख्येनं स्वॅब घ्यायचे. खरी मेख इथं आहे: कुणाचा स्वॅब घ्यायचा हे आधी ठरलेलं पाहिजे, उदाहरणार्थ सोमवारी व्याख्येत बसणारे पहिले पाच. सिस्टर विचारतात, "सर, ह्या काकूंना फारच धाप लागलीय, यांचा घेऊ का?" उपचारासाठी जरूर घ्या, पण तो सर्वेक्षणाच्या हिशोबात धरू नका. डॉक्टरांनी "हा नक्की फ्लूच दिसतोय" असं म्हणून वेचून स्वॅब पाठवले की टक्केवारी फुगते, आणि पुढच्या महिन्यात दुसरे डॉक्टर आले की उगाच खाली येते. साथ तीच, बदलले फक्त डॉक्टर.

आता एक काल्पनिक ओपीडी घेऊ. एका आठवड्यात एकूण १२०० रुग्ण आले, त्यांतले ९६ फ्लूसदृश, म्हणजे आठ टक्के. वीस स्वॅब घेतले, तीन फ्लूचे निघाले, म्हणजे पंधरा टक्के. पुढच्या आठवड्यात ११५० रुग्ण, १०४ फ्लूसदृश, म्हणजे नऊ टक्के. वीस स्वॅब, त्यांत सात फ्लूचे, पस्तीस टक्के. बाकड्याकडे बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही, आठाचे नऊ टक्के झाले. पण दोन आकड्यांचा गुणाकार करा. पहिल्या आठवड्यात ओपीडीतल्या शंभरांमागे साधारण १.२ फ्लूचे, दुसऱ्यात ३.१५. फ्लू अडीच पटीपेक्षा जास्त वाढला. बाकीचे विषाणू ओसरत असल्यामुळे गर्दी तेवढीच राहिली, इतकंच. म्हणून स्वॅबइतकाच तो एकूण रुग्णांचा रकाना महत्त्वाचा. हा रकाना रिकामा ठेवणारे दवाखाने मी बरेच पाहिलेत. 'सात पॉझिटिव्ह' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण किती जणांतले सात, हे कुठंच नाही. असा आकडा वर्तमानपत्राला पुरतो, नियोजनाला नाही.

अर्थात विसातले तीन आणि विसातले सात, एवढ्यावर कुणी वॉर्ड रिकामा करू नये. वीस ही संख्या इतकी लहान आहे की नुसत्या योगायोगानंही एवढा फरक पडू शकतो. तिसऱ्या आठवड्यात सहा-आठ आले आणि शेजारच्या दुसऱ्या केंद्रावरही तोच कल दिसला, तर मात्र ते खरं मानायचं. थांबण्याची किंमत दोन आठवडे असते, आणि ती मोजावीच लागते.

स्वॅबचंही तसंच. घसा आणि नाक दोन्हींतून, आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घेतला तर विषाणू भरपूर मिळतो. सहाव्या दिवशी, घाबरत घाबरत नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवली तर फ्लू असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. काडी माध्यमाच्या कुपीत टाकायची, आणि कुपी दोन ते आठ अंशांत ठेवून दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवायची. उशीर होणार असेल तर उणे सत्तर अंशांच्या फ्रीजरमध्ये. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, तिथं विषाणू मरतो. मेलेल्या विषाणूवरही आरटी-पीसीआर बहुतेक वेळा होते, पण तो वाढवता येत नाही. आणि पुढचा अर्धा प्रश्न विषाणू वाढवल्याशिवाय सुटत नाही.

आरटी-पीसीआरमध्ये आधी बघतात इन्फ्लुएंझा 'ए' आहे का. असला, तर कुठला उपप्रकार: २००९ चा एच१एन१ की एच३एन२? बहुतेक नमुने यांतल्या एकात बसतात. क्वचित एखादा बसत नाही: 'ए' आहे, पण एच१ही नाही, एच३ही नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं, नमुन्यात विषाणू इतका थोडा की दुसऱ्या चाचणीला तो पुरतच नाही. या चाचणीत विषाणूची जनुकं आवर्तनागणिक दुप्पट करत नेतात, म्हणून विषाणू जितका थोडा तितकी खूण उशिरा उमटते. 'ए'ची खूण पस्तीस-छत्तिसाव्या आवर्तनाला कशीबशी उमटली असेल, तर तेच समजायचं. पण खूण बाविसाव्या आवर्तनाला ठळक उमटली, म्हणजे विषाणू भरपूर आहे, आणि तरीही उपप्रकार लागत नाही, तर त्या संध्याकाळी फोन करायचा असतो, अहवालाची वाट बघायची नसते. नव्या उपप्रकाराचा माणसाला झालेला एकही संसर्ग देशानं, खात्री झाल्यापासून २४ तासांत, जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचा असतो. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनं तसं बंधन घातलं आहे.

२००९ ची महासाथ नेमकी अशीच सापडली. एप्रिलमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात दोन मुलांच्या नमुन्यांत 'ए' आला, उपप्रकार लागला नाही. एक नमुना नव्या चाचणी-यंत्राच्या अभ्यासातला होता, दुसरा सीमेवरच्या सर्वेक्षणातला. दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं, दोघंही डुकरांच्या संपर्कात आलेले नव्हते, आणि विषाणू मात्र डुकरांमधला. ११ जूनला महासाथ जाहीर झाली. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात झाला. म्हणजे पहिल्या संशयापासून आपल्याकडच्या पहिल्या मृत्यूपर्यंत साडेतीन महिने. हा बदल एकदम झालेला होता: फ्लूच्या विषाणूत जनुकांचे आठ सुटे तुकडे असतात, दोन वेगवेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते, आणि बहुतेकांच्या शरीरानं न पाहिलेला विषाणू तयार होतो.

दुसरा बदल सावकाश होतो आणि तो ओळखणं जास्त अवघड. विषाणूच्या पृष्ठभागावर हीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्याच आधारानं तो आपल्या पेशीला चिकटतो, आणि आपली प्रतिपिंडंही मुख्यतः त्यालाच धरतात. दरवर्षी त्यात एखाददुसरा बदल होतो. झालेला बदल प्रतिपिंडांच्या लक्षात येण्याजोगा आहे का, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आणि जगभरच्या अशाच केंद्रांत एका जुन्या, डोळ्यांनी वाचायच्या चाचणीनं पाहतात.

प्लास्टिकच्या ताटलीत छोट्या खळग्यांच्या रांगा असतात. त्यांत टर्की किंवा गिनीपिगच्या लाल पेशी घालतात. विषाणू या पेशींना एकमेकींशी बांधून त्यांची जाळी करतो, त्यामुळे खळगाभर फिकट लालसर थर दिसतो. विषाणूला आधीच प्रतिपिंडांनी धरून ठेवलं असेल, तर पेशी मोकळ्या राहतात आणि तळाशी बारीक लाल ठिपका होऊन बसतात. ताटली तिरकी केली की तो ठिपका अश्रूसारखा ओघळतो, आणि ओघळला तर चाचणी वाचता येते. प्रतिपिंडं असतात फेरेटच्या रक्तातली. फेरेट हा मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी, त्याला माणसासारखाच फ्लू होतो. रक्तद्रव दर खळग्यात दुप्पट पातळ करत नेतात: दहापट, वीसपट, चाळीसपट, असं १२८० पर्यंत. लशीतल्या विषाणूला १२८० पट पातळ द्रवही रोखतो, आणि कोल्हापूरच्या स्वॅबमधून वाढवलेल्या विषाणूला ६४० पर्यंत रोखतो, तर दोघं एकच समजायचे. एका पायरीचा फरक हाताच्या चुकीनंही पडतो. पण तोच द्रव १६० च्या पुढं चालत नसेल, म्हणजे आठपट फरक, तर विषाणू बदलला.

ही चाचणी चांगली आहे, पण तिला एक आंधळी बाजू आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं तिथंच आहे. २००९ च्या विषाणूवरची लस 'कॅलिफोर्निया' वाणाची होती. वर्षानुवर्षं फेरेटचा रक्तद्रव सांगत राहिला की काही बदललेलं नाही. पण २०१३-१४ च्या हिवाळ्यात अमेरिकेत मध्यमवयीन माणसं अनपेक्षितपणे जास्त आजारी पडली. शोध घेतल्यावर कळलं की त्या वयाच्या अनेकांची प्रतिपिंडं हीमॅग्लुटिनिनच्या एकाच ठिकाणावर रोखलेली होती, कारण लहानपणी त्यांना झालेल्या वेगळ्या एच१एन१ नं शरीराला तीच जागा ओळखायला शिकवलं होतं. आणि बदल नेमका त्याच जागी झाला होता. प्रयोगशाळेतल्या फेरेटला पूर्वी कधी फ्लू झालेलाच नसतो. त्याची प्रतिपिंडं चार-पाच जागा धरतात, एक निसटली तरी काम भागतं. म्हणून चाचणीत फरक दिसला नाही. लशीतला वाण 'मिशिगन' करायची शिफारस २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आली.

इस्पितळ चालवणाऱ्यासाठी यातून एक उपयोगी गोष्ट निघते. प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आधी दाखल रुग्णांची वयं बोलू लागतात. नेहमीच्या फ्लूत म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं जास्त दाखल होतात. २००९ मध्ये साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांना तरुणपणीच्या एच१एन१ चं थोडं संरक्षण उरलेलं होतं, आणि अतिदक्षता विभागात तिशी-चाळिशीतले लोक आणि गरोदर बायका आल्या. म्हणून तीव्र श्वसनसंसर्गाच्या नोंदवहीत वय आणि गरोदरपणा हे दोन रकाने रोज भरलेले पाहिजेत. तरुण दाखल होऊ लागले, की बाळंतिणींच्या वॉर्डशेजारी ऑक्सिजनची सोय आहे का, हे त्याच आठवड्यात बघायचं.

आता खाटा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. सोयीसाठी चाळीस लाख धरू. पुढचे सगळे आकडे गृहीत धरलेले आहेत, भाकीत नव्हे. समजा आठ आठवड्यांच्या लाटेत पंधरा टक्के लोक आजारी पडले: सहा लाख. त्यांतल्या एक टक्क्याला दाखल करावं लागलं: सहा हजार. आठ आठवड्यांत सहा हजार, म्हणजे दिवसाला शंभरेक, असा सरासरीचा हिशोब करून लोक निश्चिंत होतात. पण साथ सरासरीनं येत नाही. चढाच्या एका आठवड्यातच पाव हिस्सा येतो असं धरा, म्हणजे दीड हजार. दिवसाला सुमारे २१५. प्रत्येक जण सहा दिवस राहतो, तर एका वेळी लागणाऱ्या खाटा २१५ गुणिले सहा, जवळपास १३००. दाखल होणाऱ्यांतले पंधरा टक्के अतिदक्षता विभागात गेले आणि तिथं दहा दिवस राहिले, तर तिथं एका वेळी तीनशेच्या आसपास रुग्ण. हे फक्त फ्लूचे. डेंग्यू, लेप्टो, सर्पदंश, अपघात, बाळंतपणं, हे त्या आठवड्यात सुट्टीवर जात नाहीत.

आता तीच लाट बारा आठवड्यांवर पसरली आणि चढाच्या आठवड्यात पंधरा टक्केच आले असं धरून पाहा. रुग्ण तेच सहा हजार. पण दिवसाला सुमारे १३०, खाटा ७७० च्या आसपास. एकही आजार न टळता पाचशेहून जास्त खाटांची गरज कमी झाली. शाळा काही दिवस बंद ठेवणं, मास्क, आजाऱ्यानं घरी थांबणं, जोखमीच्या रुग्णांना लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध देणं, या सगळ्यांकडून मुख्य अपेक्षा हीच असते. नव्या विषाणूवरची लस बनायला पाच-सहा महिने लागतात, त्यामुळे पहिल्या लाटेत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

या गणितातला सर्वांत कच्चा आकडा तो एक टक्का. साथीच्या सुरुवातीला फक्त गंभीर रुग्णच नजरेत येतात, म्हणून रोग असतो त्यापेक्षा जास्त जीवघेणा वाटतो. त्यामुळे योजना एका आकड्यावर न बेतता अर्धा टक्का, एक टक्का आणि दोन टक्के अशा तिन्हींसाठी मांडून ठेवावी, आणि सेंटिनलचे आकडे येतील तसा एकेक कागद बाजूला करावा.

खाट म्हणजे लोखंडी कॉट नव्हे, हे कोविडनं सगळ्यांना शिकवलं. मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागणारा रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर घेतो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतात. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोन सिलिंडर, आणि असे दोनशे रुग्ण असले तर चारशे. ते भरून आणायचे, उतरवायचे, बदलायचे. रात्री तीन वाजता कोण बदलणार, त्याचं नाव कागदावर पाहिजे. नर्सिंगचं तर याहून अवघड. तीस खाटांच्या अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक सिस्टर धरली, तरी एका पाळीला पंधरा, तीन पाळ्यांना पंचेचाळीस, आणि रजा-आजारपणाची तीस टक्के भर घातली की साठाच्या घरात. साथीत सिस्टरही आजारी पडतात, त्यामुळे तीस टक्केही कमी पडू शकतात. व्हेंटिलेटर विकत घेता येतो. तो चालवणारी व्यक्ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरांना अतिदक्षता विभागात आळीपाळीनं काम द्यायचं ते मे महिन्यात, ऑगस्टमध्ये नव्हे.

मग कुठल्या क्षणी काय करायचं? कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि कुठल्या गल्लीतली जनावरं कधी हलवायची हे आधीच ठरलेलं असतं. पाणी उंबऱ्याशी आल्यावर बैठक बोलावत नाहीत. फ्लूलाही अशाच पातळ्या लागतात. उदाहरणार्थ: सेंटिनलमधला गुणाकार सलग दोन आठवडे मागच्या वर्षांच्या नेहमीच्या पातळीच्या वर राहिला, तर ऑक्सिजन आणि औषधांचा साठा मोजायचा आणि रजा थांबवायच्या. तीव्र श्वसनसंसर्गाचे दाखल रुग्ण आठवड्यात दुप्पट झाले, तर हर्निया, मोतीबिंदू अशा थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया पुढं ढकलायच्या. अतिदक्षता विभाग ऐंशी टक्के भरला, तर सौम्य रुग्ण गडहिंग्लज, इचलकरंजी अशा ठिकाणच्या रुग्णालयांत ठेवायचे आणि कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडे फक्त गंभीर पाठवायचे. शंभर टक्क्यांची वाट बघितली तर हे करायला हात मोकळे उरत नाहीत.

आणि आपल्याकडे फ्लूचा चढ आणि पूर एकाच महिन्यात येऊ शकतात. महाराष्ट्रात फ्लू साधारण जुलै ते सप्टेंबर वाढतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला होता. असं झालं, की विषाणू वाढवण्यासाठी पुण्याला जाणारे नमुने अडकतात. आरटी-पीसीआर जिल्ह्यात होते, पण विषाणू बदलला का, हे कळत नाही. म्हणून कुप्या उणे सत्तरच्या फ्रीजरमध्ये, आणि फ्रीजर जनरेटरवर. ऑक्सिजनचे ट्रकही त्याच रस्त्यानं येतात. त्यामुळे साठा एकाच गोदामात न ठेवता नदीच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवणं शहाणपणाचं.

राहता राहिला प्रश्न थांबायचं कधी. इथं घाई हमखास होते. नव्या रुग्णांचा आकडा उतरायला लागला की हार-तुरे निघतात आणि ढकललेल्या शस्त्रक्रिया लगेच लागतात. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण दहा दिवस, कधी तीन आठवडे राहतो. ओपीडीतला चढ संपल्यावरही तिथली गर्दी आठवडाभर वाढतच असते. म्हणून शस्त्रक्रियांची यादी पुन्हा उघडायची ती ओपीडीच्या आकड्यावरून नव्हे, तर अतिदक्षता विभागातल्या रिकाम्या खाटा सलग आठवडाभर वाढत गेल्यावर. तीही आधी दिवसाला दोन-तीन शस्त्रक्रिया, त्याही भूल उतरल्यावर व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता कमी असलेल्या.